महिन्याची सॉफ्ट लेन्स, काही महिन्यांच्या वापरानंतर: लेन्स उत्तम, पण डोळा लाल होऊन उजेड टोचला तर

पॉवर, बेस कर्व्ह, सिलिकॉन हायड्रोजेल वगैरे लिहीत नाही, ते खोक्यावर छापलेलं असतं. लेन्स आरामदायक आहे. एसी ऑफिस, लोकलची गर्दी, पावसाळ्यातली चिकट हवा, सगळ्यात टिकते. पहिल्या महिन्यात मी सरळ पाच तारे दिले असते. आता तीन देतो, आणि कापलेले दोन तारे खोक्यातल्या माहितीपत्रकाचे आहेत. डोळा लाल झाला तर काय करायचं हे त्यात भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा बारीक इंग्रजीत, शेवटच्या घडीत दिलंय. ते पहिल्या पानावर, मराठी-हिंदीत आणि ठळक असायला हवं होतं. म्हणून उरलेला सगळा रिव्ह्यू त्याच एका गोष्टीवर.

एक उदाहरण धरा. डोंबिवलीहून फोर्टला जाणारी मुलगी, लेन्स रोज चौदा तास डोळ्यात. शनिवारी रात्री उशीर झाला, लेन्स घालूनच झोपली. रविवारी सकाळी उजवा डोळा खुपतोय. दुपारपर्यंत बुबुळाभोवती लाल कडं, पाणी वाहतंय, ट्यूबलाइटकडे पाहवत नाही, मोबाइलचा ब्राइटनेस कमी केला तरी त्रास. घरचे म्हणतात, "डोळे आलेत, साथ आहे." केमिस्ट थेंब देतो. सोमवारी आरशात बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो.

इथे चूक "डोळे आलेत" या निदानात आहे. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, खाज किंवा चुरचुर असते, बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे धरतात, आणि पापणी मिटून उघडली, चिपड पुसलं की नजर स्वच्छ होते. खरी वेदना आणि उजेडाचा तिटकारा सहसा नसतो. लेन्सवाल्याचा एकच डोळा लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा, त्यात धूसर दिसायला लागलेलं असेल, तर कॉर्नियाला जंतुसंसर्ग आहे असंच धरून चालायचं. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदना वाहणाऱ्या नसा मात्र दाट आहेत. म्हणून दुखतं खूप, आणि शरीराची कुमक पोचायला वेळ लागतो. उजेड टोचतो कारण जळजळ आतपर्यंत पोचून बाहुली लहानमोठी करणारे स्नायू आखडतात. उजेड पडला की बाहुली आकुंचन पावते आणि कळ येते. दोन्ही बाहुल्या एकत्र हलतात, म्हणून चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी आजारी डोळा दुखू शकतो.

लेन्स लगेच का काढायची? ती राहिली तर जंतू कॉर्नियाला चिकटून राहतात, अश्रूंनी धुतले जात नाहीत, आणि प्राणवायू कमी मिळाल्याने वरचा थर आणखी कमकुवत होतो. रात्री झोपेत लेन्स ठेवल्याने हेच घडतं. लेन्स घालून झोपणाऱ्यांत हा संसर्ग फक्त दिवसा वापरणाऱ्यांपेक्षा पाचेक पट जास्त आढळतो. लेन्सचं नेमकं मऊपण इथे फसवं ठरतं. ती जखमेवर पट्टीसारखी बसते, त्यामुळे ती असताना दुखणं कमी आणि काढल्यावर जास्त वाटू शकतं. "काढल्यावर जास्त दुखतंय, म्हणजे लेन्सचा दोष नाही" म्हणून ती परत घालू नका. दुसऱ्या डोळ्यातलीही काढा आणि चष्मा लावा. जुना नंबर असला तरी चष्मा घरात हवाच.

घाई कशाची, तर लेन्सवाल्यांत वारंवार सापडणारा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. त्याची विकरं कॉर्निया विरघळवतात, आणि वाईट प्रकरणात एक-दोन दिवसांत भोक पडू शकतं. जखम भरली तरी मध्यभागी फूल पडलं तर नजर कायमची अधू होते. म्हणून सोमवारची वाट नाही, त्याच दिवशी. रविवार असला तर केईएम, सायन, नायर किंवा जेजेच्या कॅज्युअल्टीत जाऊन "कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो, डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही" एवढं पहिल्याच वाक्यात सांगा. 'डोळा लाल झालाय' एवढंच सांगितलं तर रांगेत मागे जाल.

केमिस्टच्या थेंबाबद्दल माझा राग खरा आहे. लाल डोळ्यासाठी मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन दिसलं की ती बाटली ठेवून द्या. स्टेरॉइडने लाली उतरते, एक दिवस बरं वाटतं आणि जंतू खोल जातात. बुरशी किंवा अकांथामीबा नावाचा एकपेशीय जीव असेल तर फारच नुकसान. साधं अँटिबायोटिकही डॉक्टर काही तासांत भेटणार असतील तर आधी सुरू करू नका, कारण मग तपासणीत जंतू वाढत नाहीत. बधिर करणारे थेंब तर कधीच घरी वापरायचे नाहीत, त्यांनी जखम भरत नाही. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. गॉगल लावा.

जाताना काढलेल्या लेन्सा त्या ठेवायच्या डबीसकट, म्हणजे केससकट, आतलं सोल्यूशन न सांडता, आणि सोल्यूशनची बाटली सोबत न्या. फेकू नका, धुऊ नका. जंतू बऱ्याचदा केसमध्येच सापडतो. तिथे स्लिट लॅम्प या डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहतात, जखम हिरवी चमकते. गरज वाटली तर बधिर करून जखमेचा कण खरवडून प्रयोगशाळेत पाठवतात. मग अँटिबायोटिक थेंब सुरू होतात, सुरुवातीला बहुधा दर तासाला, रात्रीसुद्धा. सोबत बाहुली मोठी ठेवणारे थेंब देतात. त्यांनी कळ कमी होते, पण जवळचं धूसर दिसतं, म्हणून घाबरू नका. दुसऱ्याच दिवशी परत बोलावतात, कारण ठिपका वाढतोय की थांबलाय हे तेव्हा कळतं.

दुखणं दिसणाऱ्या जखमेपेक्षा खूपच जास्त असेल आणि लेन्स किंवा केस नळाच्या पाण्याने धुतली असेल, लेन्स घालून पोहलात किंवा आंघोळ केली असेल, तर ते आपणहून सांगा. अकांथामीबा पाण्यातून येतो, सुरुवातीला हर्पिस विषाणूच्या संसर्गासारखा दिसतो आणि त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात. टाकीचं पाणी उकळून गार केलं, बिसलेरी वापरली, तरी लेन्सला पाणी चालत नाहीच.

सोल्यूशनसोबत फुकट मिळणाऱ्या केसबद्दल मत मध्येच बदललं. आधी ती सोय वाटायची. आता वाटतं, खरा धोका तीच आहे. आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो आणि सोल्यूशन त्याच्या आत पोचत नाही. उरलेल्या सोल्यूशनमध्ये थोडं नवं ओतून काटकसर करणं म्हणजे औषध पातळ करणं. रोज सगळं ओतून टाका, केस सोल्यूशनने खंगाळा, स्वच्छ टिश्यूने पुसा, झाकणं काढून पालथी ठेवा, आणि न्हाणीघरात नको, तिथे मुंबईत ती वाळतच नाही. तीन महिन्यांनी केस फेका, त्याआधी फेकली तर उत्तम. लेन्सही तीस दिवसांची तीसच दिवस. पंचेचाळीस दिवस ओढून वाचलेले पैसे दर तासाच्या थेंबांच्या पहिल्या आठवड्यातच जातात.

संसर्ग बरा झाल्यावर लेन्स कधी घालायची हे डोळा पांढरा दिसण्यावर ठरवू नका. रंग टाकून जखम पूर्ण भरल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आणि थेंब बंद झाले, की मग त्यांना विचारून नवी जोडी, नवी केस, नवी बाटली.