सात महिने तंबोऱ्यासाठी फोनचा स्पीकर: आवाज फाटतो कुठे आणि का

फोनचा कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर यांची माहिती सगळीकडे आहे, त्यात शिरत नाही. गेले सात महिने मिरजेत या फोनचं मुख्य काम एकच आहे: रोज पहाटे तासभर तंबोऱ्याचं अ‍ॅप. पट्टी काळी एक, फोन हातभर ते मीटरभर लांब. त्यामुळे हा अनुभव फक्त स्पीकरचा, आणि त्यातही आवाजाच्या शेवटच्या दोन पायऱ्यांचा.

पंधरापैकी तेराव्या पायरीपर्यंत सूर स्वच्छ येतो. चौदाव्या पायरीवर खर्जाची तार वाजली की आवाज फाटतो आणि जोडीचे सूरही त्याबरोबर थरथरतात. सर्व्हिस सेंटरवर स्पीकर न तपासताच ‘स्पीकर गेलाय, बदलावा लागेल’ असं सांगून दर हातात ठेवला. हे चीड आणणारं आहे, कारण स्पीकर गेलाय की त्याची कुवत तेवढीच आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

आधी कुवतीबद्दल. काळी एकमध्ये जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर असतो. आवाज म्हणजे हवा ढकलणं, आणि सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी चौपट हवा ढकलावी लागते. फोनच्या स्पीकरचा हलणारा पडदा जेमतेम एक चौरस सेंटिमीटरचा असतो आणि तो मागेपुढे अर्ध्या मिलिमीटरच्या आतच हलू शकतो. ०.४ मिलिमीटर धरून हिशेब केला, तर पूर्ण ताकदीने हललेला पडदा मीटरभर अंतरावर १००० हर्ट्झचा सूर सुमारे ७४ डेसिबलने देतो. तोच पडदा तेवढाच हलून ६९ हर्ट्झला २८ डेसिबलच्या आसपास देतो. इतक्या खालच्या सुराला माणसाचा कान मुळात ३५ डेसिबलच्या जवळपास जागा होतो. म्हणजे खर्जाचा मूळ सूर मीटरभरावरून या स्पीकरमधून ऐकूच येऊ शकत नाही, फोन कितीही महाग असो.

तरी खर्ज ‘ऐकू’ येतो, कारण तारेत १३८, २०७, २७७, ३४६ असे उपस्वर असतात आणि जवारीमुळे ते भरघोस निघतात. त्यांच्यातलं अंतर ओळखून कानच ६९चा सूर मनात भरून घेतो. खऱ्या तंबोऱ्याला मंगळवेढ्याकडचा एवढा मोठा भोपळा आणि रुंद तबली का लागते, तेही यातच आहे. एकटी तार हवा कापत जाते. हवा ढकलायला मोठा पृष्ठभाग लागतो.

आता फाटण्याचं कारण. पडद्यामागे एक घन सेंटिमीटरच्या आसपासची बंद हवा असते. ती घट्ट स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे स्पीकरचा स्वतःचा नैसर्गिक कंप ७०० ते १००० हर्ट्झच्या घरात जातो. त्याच्या खाली विजेचा दाब तेवढाच दिला तर पडदा तेवढाच हलतो, पण आवाज मात्र दर सप्तकाला १२ डेसिबलने पडत जातो. खालचे सूर असे हलण्याची जागा खाऊन टाकतात आणि बदल्यात ऐकायला जवळजवळ काही देत नाहीत. जागा संपली की कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर सरकते, ओढ कमी पडते, पडद्याची कडा ताठरते, आणि लाटेचे शेंडे चेपले जातात. त्याच वेळी त्या पडद्यावर जोडीचे सूर स्वार असतात, म्हणून तेही डळमळतात.

बहुतेक नव्या फोनमध्ये अँप्लिफायर पडदा किती हलतोय याचा अंदाज घेऊन स्वतःच आवाज आवरतो. मोठ्या आवाजात ढोलाचा ठोका पडला की गाणं क्षणभर दबतं, ते यामुळे. पण आवरण्यालाही मर्यादा आहे. आणि व्हिडिओ प्लेअरमधला २०० टक्के आवाज किंवा ‘व्हॉल्यूम बूस्टर’ लावला, तर लाट अँप्लिफायरपर्यंत पोचण्याआधीच आकड्यांत कापली जाते. ते फाटणं मग कोणताही स्पीकर सुधारू शकत नाही.

उपाय उलटा वाटतो, पण चोख लागू पडतो: मोठा आवाज हवा असेल तर बेस कमी करा. अँड्रॉइडच्या नेहमीच्या पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये ६० हर्ट्झची पट्टी तळाला न्यावी, २३०ची चार ते सहा डेसिबल खाली, आणि ९१०, ३६००, १४००० शून्यावरच ठेवावी. काही फोनमध्ये इक्वलायझर फक्त हेडफोनला चालतो; ९१० एकदम खाली ओढून स्पीकरचा आवाज बदलतो का ते आधी बघावं. या फोनवर एवढ्यानेच चौदावी पायरी स्वच्छ झाली. पंधरावी नाही झाली, आणि ती होणार नाही असं आता मत आहे. ‘बेस बूस्ट’ तर कायमचा बंद ठेवावा. फोन भिंतीला लागून टेबलावर ठेवला की मधले सूर फुकटात भरतात. पातेल्यात ठेवल्याने काही ठरावीक सूरच फुगतात. रियाजाला ते वाईट.

बायकांच्या पट्टीला हा त्रास कमी होतो. काळी पाचला खर्ज ११६ हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे पडद्याला बरंच कमी हलावं लागतं.

इथवर ‘स्पीकर ठीक आहे’ असंच लिहायचं होतं. पण सहाव्या महिन्यात नवी झणझण सुरू झाली, तीही दहाव्या पायरीवर. खर्जाबरोबर ती पंचमाच्या तारेवरही यायची, हे खटकलं. पडदा जागा संपून फाटत असता तर अर्ध्या आवाजावर गप्प बसला असता. टोन जनरेटर अ‍ॅपवर अर्ध्या आवाजात २०० ते १००० हर्ट्झ सावकाश फिरवलं. बाकी सगळं स्वच्छ, फक्त ४१० ते ४२०च्या दरम्यान झणझण. खर्जाचा सहावा उपस्वर ४१६ आणि मंद्र पंचमाचा चौथाही ४१६, म्हणून दोन्ही तारांवर. इतक्या अरुंद जागी येणारा आवाज म्हणजे काहीतरी सैल होऊन थरथरतंय. मागचं कडक प्लास्टिकचं कव्हर काढलं, झणझण गेली.

कव्हर काढूनही राहिली असती, तर स्पीकरजवळ मागचा भाग अंगठ्याने दाबून बघायचा. दाबल्यावर थांबली तर पाठीचा गोंद किंवा स्पीकरच्या डबीची कडा सुटली आहे, तेवढीच चिकटवून मागावी. मंद आवाजातही जवळजवळ प्रत्येक सुरावर खरखर असेल, तरच पडदा किंवा कॉइल घासतेय आणि स्पीकर बदलणं योग्य. त्याआधी जाळी कोरड्या मऊ ब्रशने, स्पीकर खाली करून झाडावी. टाचणी घालू नये, ब्लोअर मारू नये. आतला पाणीरोधक पडदा फाटतो.

खर्जाचा मूळ सूर खोलीत हवाच असेल, तर अडीच इंची बाहेरचा स्पीकर घ्यावा. वीस चौरस सेंटिमीटरचा पडदा तीन मिलिमीटर हलला, तर फोनच्या दीडशे पट हवा ढकलतो आणि ६९ हर्ट्झ सत्तर डेसिबलच्या आसपास पोचतो.