हातातल्या इको प्रोबचे नऊ महिने आणि ‘पंपिंग’चा आकडा

तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना मोबाइलला जोडून चालणारा हँडहेल्ड इको प्रोब, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारे हातातले यंत्र, मी गेले नऊ महिने जवळजवळ रोज वापरत आहे. कोणत्या कंपनीचा प्रोब घ्यावा हे सांगण्यासाठी हे लिहीत नाही. अशा प्रोबवर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे रुग्णांच्या भाषेतले ‘पंपिंग’, कितपत विश्वासाने काढता येते आणि तो आकडा कुठे चुकतो, एवढाच माझा विषय आहे. घेण्याचा विचार असलेल्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली हृदयासाठी घेतलेल्या यंत्राचीही नोंदणी करावी लागते, आणि ती झाल्याशिवाय प्रोब हाताळू नये.

इजेक्शन फ्रॅक्शनची व्याख्या सोपी आहे. डावी जवनिका पूर्ण भरलेली असताना तिच्यात जेवढे रक्त असते, त्यातले किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडते, तो हा आकडा. निरोगी पुरुषांत तो साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के असतो. निरोगी हृदयही १०० टक्के रक्त बाहेर टाकत नाही, हे रुग्णाच्या घरच्यांना दर वेळी समजावून सांगावे लागते, कारण ‘पंपिंग ६० टक्के’ हे ऐकून घाबरलेली माणसे मी या नऊ महिन्यांत बरीच पाहिली. अडचण व्याख्येत नसून मोजणीत आहे. इको यंत्र रक्ताचे आकारमान थेट मोजत नाही. ते पोकळीचा एक सपाट काप दाखवते आणि त्या कापावरून आकारमानाचा अंदाज बांधावा लागतो. काप चुकीच्या जागी घेतला, तर पुढचे गणित कितीही अचूक केले तरी उत्तर चुकतेच.

रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, डावा हात डोक्याखाली ठेवायला सांगून मी छातीच्या हाडालगत डाव्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीतून सुरुवात करतो. प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे असली की पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिस हे दृश्य मिळते. यात हृदय लांबीच्या दिशेने कापलेले दिसते. डावी जवनिका, डावी कर्णिका, महाधमनीचे मूळ, मायट्रल आणि एऑर्टिक झडपा एकाच चौकटीत येतात, आणि हृदयाभोवती पाणी साठले असेल तर तेही मागच्या भिंतीपलीकडे काळ्या पट्ट्याच्या रूपात दिसते. मायट्रल झडपेचे पुढचे पान उघडताना दोन जवनिकांमधल्या पडद्याच्या किती जवळ जाते, हे मी इथे आवर्जून पाहतो. हे अंतर ७ मिलिमीटरहून जास्त राहत असेल, तर पंपिंग कमी असण्याची दाट शंका घ्यावी. मात्र संधिवाताच्या तापाने झडप आखडलेली असेल किंवा महाधमनीची झडप गळत असेल, तर या खुणेवर विसंबता येत नाही.

प्रोब त्याच जागी ठेवून घड्याळाच्या दिशेने सुमारे ९० अंश फिरवला की शॉर्ट ॲक्सिस मिळतो. हृदय आता आडवे कापलेले दिसते आणि डावी जवनिका गोल कड्यासारखी दिसते. पॅपिलरी स्नायूंच्या पातळीवर थांबले, तर तिन्ही मुख्य कोरोनरी धमन्यांचे प्रदेश एकाच कड्यात येतात. कड्याचा एखादा भाग आकुंचनाच्या वेळी जाड होत नसेल, तर कोणत्या धमनीकडे संशय न्यायचा हे इथेच कळते. भिंत हलते की नाही यापेक्षा ती जाड होते की नाही हे पाहावे, कारण मृत झालेला भागही शेजारच्या चांगल्या स्नायूंच्या ओढीने हलताना दिसतो.

एपिकल म्हणजे टोकाकडून घेतलेल्या दृश्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. हृदयाच्या टोकाचा ठोका हाताने चाचपून प्रोब तिथे ठेवायचा आणि खूण रुग्णाच्या डाव्या बाजूला करायची. मग दोन कर्णिका आणि दोन जवनिका असे चारही कप्पे दिसतात. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ६० अंश वळवले की उजवी बाजू नाहीशी होते आणि टू-चेंबर दृश्य मिळते, ज्यात डाव्या जवनिकेची पुढची व खालची भिंत दिसते. बरगड्यांच्या खालून घेतलेल्या सबकॉस्टल दृश्याचा उपयोग मी मुख्यतः खालची महाशीर पाहण्यासाठी करतो. दम्याच्या जुनाट रुग्णांत फुगलेली फुप्फुसे हृदय पाहण्याच्या इतर जागा झाकून टाकतात, तेव्हा तर पुष्कळदा तेवढे एकच दृश्य हाती लागते.

हे सगळे एका रुग्णाच्या उदाहरणातून सांगतो, कारण माझी मोजणीची पद्धत त्यांच्यामुळे बदलली. वय ५८, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या पुढच्या भागाचा झटका आलेला, आणि आता चढ चढताना दम लागतो अशी तक्रार. लाँग ॲक्सिस दृश्यात जवनिकेचा आतला व्यास भरलेल्या स्थितीत ५.२ सेंटिमीटर आणि आकुंचनाच्या शेवटी ३.७ सेंटिमीटर आला. टाइकहोल्झ सूत्र या एकाच व्यासावरून आकारमान काढते:

```
V = 7 / (2.4 + D) × D³
```

त्यानुसार आकारमाने सुमारे १३० आणि ५८ मिलिलिटर आली आणि इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के. कागदावर हे हृदय निरोगी ठरले. परंतु हे सूत्र संपूर्ण जवनिका एकसारखी आकुंचन पावते असे गृहीत धरते आणि व्यास घेते तो झडपेजवळच्या भागात. या रुग्णाचा तोच भाग शाबूत होता, आणि झटक्याने निकामी केलेले टोक त्या रेषेच्या वाटेत कुठेच येत नव्हते.

म्हणून मी सुधारित सिम्पसन पद्धतीकडे वळलो. फोर-चेंबर आणि टू-चेंबर या दोन्ही दृश्यांत पोकळीची आतली कड बोटाने रेखायची असते, मायट्रल झडपेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पॅपिलरी स्नायू आणि आतले तंतू पोकळीतच धरायचे. यंत्र त्या पोकळीच्या, दुधी कापावा तशा, २० चकत्या करते. प्रत्येक चकतीचा एक व्यास एका दृश्यातून आणि दुसरा व्यास दुसऱ्या दृश्यातून घेऊन ते सर्व चकत्यांच्या आकारमानांची बेरीज करते. चौकट निवडताना माझ्या प्रोबला ईसीजीची जोडणी नसल्यामुळे झडपेवर नजर ठेवावी लागते. मायट्रल झडप मिटल्याबरोबरची चौकट भरलेल्या जवनिकेची आणि ती पुन्हा उघडण्याच्या लगेच आधीची चौकट रिकाम्या जवनिकेची, असे मी धरतो.

पहिल्या प्रयत्नात एकट्या फोर-चेंबर दृश्यातून १०४ आणि ५६ मिलिलिटर, म्हणजे ४६ टक्के आले. तेवढ्यावर थांबलो असतो तर अहवालात तेच गेले असते. मात्र दृश्यात जवनिकेची लांबी ७.१ सेंटिमीटरच दिसत होती आणि टोक गोल, जाड व जोरात आत येणारे होते. खरे टोक तसे नसते. ते निमुळते आणि पातळ असते, आणि जवळजवळ जागच्या जागी राहते. माझा प्रोब एक बरगडी वर होता, त्यामुळे काप टोकातून न जाता त्याच्या अलीकडून तिरका गेला होता आणि मला जे टोक वाटत होते ती वास्तविक बाजूची भिंत होती. याला फोरशॉर्टनिंग म्हणतात. माझ्या अनुभवात हातातल्या प्रोबवर होणारी ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा ध्यानात येणारी चूक आहे.

प्रोब एक फट खाली आणि थोडा काखेकडे सरकवून, रुग्णाला श्वास सोडून थांबायला सांगितल्यावर लांबी ८.६ सेंटिमीटर झाली. टू-चेंबर दृश्यात ती ८.३ भरली. दोन्हींत दहा टक्क्यांहून कमी फरक होता, म्हणून दोन्ही दृश्ये खऱ्या टोकातून गेली असे मानता आले. टोकाचा भाग पातळ होता, आकुंचनाच्या वेळी अजिबात जाड होत नव्हता. दोन्ही दृश्यांतून मिळून १३४ आणि ८३ मिलिलिटर, म्हणजे ३८ टक्के.

एकाच माणसाच्या एकाच सकाळच्या ५५, ४६ आणि ३८ या आकड्यांतील फरक लहान नाही. हृदयनिकामीपणाच्या प्रचलित वर्गीकरणात ५० आणि त्याहून जास्त, ४१ ते ४९, आणि ४० किंवा त्याहून कमी असे तीन गट आहेत. माझे तीन आकडे बरोबर तीन गटांत पडले होते, आणि औषधांचा निर्णय या गटावर मोठ्या प्रमाणात ठरतो. शिवाय न हलणाऱ्या टोकात रक्ताची गुठळी साठू शकते आणि फोरशॉर्टनिंग झालेल्या दृश्यात ती दिसतच नाही. या प्रोबवर मोबाइलच्या पडद्याचा अगदी वरचा भाग, जिथे टोक येते, धुरकट दिसतो, त्यामुळे गुठळी नाही असे म्हणण्याचे धाडस मी केले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञ मॅडमकडे पूर्ण यंत्रावर तपासणी करून घेतली. तिथे गुठळी आढळली नाही, इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के आले, आणि त्यांनी औषधे सुरू केली.

आता प्रोबच्या उणिवा. सलग पंधरा-वीस मिनिटे वापरला की तो तापतो आणि स्वतःहून थांबतो, आणि हे नेमके टू-चेंबर दृश्य शोधताना घडते. बाजूच्या भिंतीची आतली कड स्थूल रुग्णांत दिसत नाही. लागून असलेले दोन भाग दिसत नसतील, तर मी कड अंदाजाने रेखत नाही आणि ‘दृश्य अपुरे’ असे लिहून पुढे पाठवतो. रक्ताचा फार जास्त वेग मोजणारा कंटिन्युअस वेव्ह डॉप्लर नसल्याने आखडलेल्या झडपेवरील दाबाचा फरक यावर काढता येत नाही. ठोके अनियमित असतील, तर एका ठोक्याची मोजणी निरर्थक ठरते आणि पाच ठोक्यांची सरासरी काढायला इथे बराच वेळ जातो. मायट्रल झडप खूप गळत असेल, तर आकडा चांगला येऊनही हृदय थकलेले असू शकते, कारण बाहेर पडलेल्या रक्तातले बरेचसे मागे कर्णिकेत गेलेले असते.

तीन महिन्यांनी तेच रुग्ण पुन्हा आले. दम कमी झाला होता आणि आता जिना चढता येत होता. लांबी ८.५ सेंटिमीटर, आकारमाने १३१ आणि ७६ मिलिलिटर, इजेक्शन फ्रॅक्शन ४२ टक्के. मुलाने विचारले, “डॉक्टर, बाबांचं पंपिंग वाढलं ना?” त्याच माणसाने तेच हृदय दोनदा मोजले तरी पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो, त्यामुळे या चार अंकांना वाढ म्हणता येणार नाही, पण दम कमी झाला ही सुधारणा खरी आहे, असे मी त्यांना सांगितले. कागदावर आकड्याशेजारी पद्धत, दोन्ही दृश्यांतील लांबी आणि दोन्ही आकारमाने लिहिली, आणि पुढची मोजणी मॅडमकडे पूर्वीच्याच यंत्रावर करण्याची तारीख ठरवून दिली.