काचेवर चिकटलं म्हणून घेतलं आणि फसलो

गेल्या दिवाळीआधी एका प्रदर्शनात 'भोक न पाडता बसणारा' बाथरूमचा सेट घेतला. ब्रशचा स्टँड, टंबलरची रिंग आणि शॉवरखालचा रॅक, सगळं मिळून १,१५० रुपये. विक्रेत्याने रॅक डोळ्यांदेखत स्टिकरने चिकटवला आणि त्याला पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन टांगला. रॅक हलला नाही. आम्ही पाकीट काढलं.

चौथ्या रात्री दोनला बाथरूममध्ये धाडकन आवाज. रॅक, शाम्पू, तेलाची बाटली, सगळं खाली. फोन केला तर म्हणे, "साहेब, ओल्या भिंतीवर लावलं असणार." स्टिकरचे पैसे पुन्हा घेतले आणि नवे पाठवले.

या वेळी मी स्पिरिटने टाइल पुसली, रात्रभर वाळू दिली, स्टिकर दाबून बसवला आणि पूर्ण दिवस काही टांगलं नाही. तरी पंधरा दिवसांत रॅकची वरची कड सुटू लागली. ब्रशचा स्टँड आणि टंबलर मात्र आजही जागेवर आहेत.

तेव्हा प्रदर्शनातली चलाखी लक्षात आली. त्याने चिकटवलं होतं ते काचेवर. आमच्या टाइल्स मॅट, हात फिरवला की बारीक खरखर लागते. अशा टाइलवर गोंद फक्त उंचवट्यांना धरतो, मधल्या खाचांत पाणी आणि साबण शिरतो. कॅनही भिंतीला अगदी चिकटून, सरळ खाली लोंबत होता. रॅकमध्ये बाटल्या भिंतीपासून पुढे राहतात, त्यामुळे वजन स्टिकरची वरची कड सोलून काढतं. ब्रशचं वजन ते किती, म्हणून तो टिकला. (व्हॅक्यूमचे रबरी कपही आधी वापरून झालेत. मॅट टाइलवर हवा आत जाते आणि दोन दिवसांत ते खाली येतात.)

घेण्याआधी एक करा: कोरड्या टाइलवर साधी सेलोटेप दाबून चिकटवा आणि ओढा. सहज निघाली, तर स्टिकरवर शाम्पू ठेवू नका.

शेवटी दुसरा, भोकं असलेला रॅक आणला आणि भोकं पाडून घेतली. खुणेवर मास्किंग टेप लावली म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर टाइल तडकते. स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी टाइलच्या मागे, विटेपर्यंत गेली पाहिजे. भोकात थोडं सिलिकॉन भरून मगच स्टीलचे स्क्रू. नळाच्या आणि शॉवरच्या सरळ रेषेत भोक नाही, तिथून पाइप जातो. मिस्त्रीने तीनशे घेतले.

विक्रेत्याला पैसे परत मागितले. त्याने खोक्यावरची बारीक अक्षरं दाखवली: 'फक्त गुळगुळीत पृष्ठभागासाठी'. प्रदर्शनात ते खोकं टेबलाखाली होतं.