आमचं सिलिंग मोजून दिलं, जमिनीचं दडवलं

आमच्या भागात, म्हणजे बालाघाटाच्या पायथ्याला, कोरडवाहू जमिनीचा भाव रस्त्यालगत तेरा-चौदा लाखांच्या खाली नाही. त्यात एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकर, एकरी नऊ लाखांनी मिळते म्हटल्यावर माझा भाऊ आणि मी बघायला गेलो. दाखवणारा एजंट तालुक्याच्या गावचा, दोन मोबाईलवाला, बोलण्यात गोड. जमीन काळी, उतार कमी, एका बाजूला ओढा. नाव ठेवायला जागा नव्हती. भाव कमी का, तर म्हणे "मालकाच्या पोरीचं लग्न हाय दादा, निकड हाय."

हा माणूस आम्हाला फसवेल असं वाटलं नाही, कारण त्याने पहिल्या बैठकीतच कागद मागायला सुरुवात केली. सातबारा आणा, आठ-अ आणा, शेतकरी असल्याचा दाखला आणा. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1950 लागू आहे, त्याच्या कलम 47 मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे त्याने कलमासकट सांगितलं. मग आमचं सिलिंग मोजलं. कमाल धारणेच्या 1961 च्या कायद्याप्रमाणे एका कुटुंबाला कोरडवाहू 54 एकर आणि बारमाही पाण्याची दुपिकी जमीन असेल तर 18 एकर. आमची वडिलोपार्जित अकरा, विहीर एकच. त्याने कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, "चौदा होत्यात, कुठं चौपन्न अन् कुठं चौदा" म्हणाला आणि आमचाच आठ-अ फाईलला लावून ठेवला. यातलं एक वाक्यसुद्धा खोटं नव्हतं. आमची पात्रता त्याने चोख तपासली, आणि त्या तपासणीच्या गडबडीत जमिनीची तपासणी झालीच आहे असं सगळ्यांना वाटून गेलं.

जमिनीचा ऑनलाईन सातबारा स्वच्छ होता. भोगवटादार वर्ग-1, म्हणजे विकायला मोकळी, इतर हक्कात सोसायटीचा बोजा तेवढा. बँकेने किंवा सोसायटीने कर्ज दिलंय म्हणजे जमीन मोकळीच असणार, असा आपल्याकडे समज आहे. तसं काही नसतं. वर्ग-2 च्या, म्हणजे विकायला सरकारी अटी असलेल्या जमिनीवरही पीककर्ज मिळतं, त्यामुळे बोजा बघून निर्धास्त होऊ नका. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढला, तोही स्वच्छ आला. या सर्चचं गमक मला नंतर कळलं, ते पुढे सांगतो.

इसाराचे तीन लाख दिले, इसारपावती झाली, उरलेली रक्कम रजिस्ट्रीच्या दिवशी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत बिनबोभाट झालं. तिथे मुद्रांक आणि नोंदणी फी बरोबर आहे का, ओळख पटते का एवढं बघतात. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे की नाही, हे तपासणं त्यांच्याकडे नसतं. रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की, असं गावात कुणी म्हणालं तर त्याला सांगा, फेरफार मंजूर होईपर्यंत थांब.

आमचा फेरफार सज्जावर नोंदला गेला, नोटीस निघाली, आणि पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी तो नामंजूर केला. शेऱ्यात लिहिलं होतं की सदर गट अतिरिक्त ठरलेल्या जमिनीच्या वाटपातला आहे, विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी नाही. पाठोपाठ तहसीलची नोटीस आली, शर्तभंगाची.

झालं होतं ते असं. 1975 साली कमाल मर्यादा खाली आणल्यावर आमच्याकडच्या मोठ्या शेतवाल्यांची जादा जमीन सरकारने घेतली आणि कायद्याच्या कलम 27 खाली भूमिहीनांना वाटली. आमच्या विकणाऱ्याच्या वडिलांना 1978 साली ही तीन एकर मिळाली. अशी जमीन कलम 29 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विकता येत नाही, दान देता येत नाही, अदलाबदल करता येत नाही. केली तर चौकशी करून सरकारजमा होते. ही अट वाटपाच्या फेरफारात स्पष्ट लिहिलेली आहे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावरही इतर हक्कात "नवीन शर्त, कलम 29 ला अधीन" हे शब्द आहेत. वडील वारल्यावर वारसाचा फेरफार झाला तेव्हा नवीन पानावर शेरा ओढलाच गेला नाही, आणि संगणकीकरणात जे पान समोर होतं तेच चढलं. वर्ग-1 असं तिथून छापून यायला लागलं. छापील चूक झाली म्हणून अट मेली नाही. मूळ वाटप जिवंतच होतं.

आणि तो सर्च! नोंदणी कार्यालयातला सर्च म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा शोध. सरकारी वाटप हे तहसीलदारांच्या आदेशाने होतं, त्याचा दस्त नोंदवलेला नसतोच. त्यामुळे वाटपाच्या जमिनीवर तीस वर्षं एकही व्यवहार दिसत नाही आणि अहवाल लख्ख येतो. खरं तर ज्या जमिनीवर दोन पिढ्यांत एकही खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र नाही, तिथे मनात प्रश्न यायला हवा की मालकाला ती आली कुठून.

हे सगळं मला कळलं ते अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढल्यावर. त्यातला एक कागद अजून माझ्या फाईलला आहे. पिवळट, कडा कुरतडलेल्या, शाई पसरलेली. 1978 च्या त्या फेरफारात एकाखाली एक सात नावं, आणि प्रत्येकासमोर तेच क्षेत्र: 1 हेक्टर 20 आर. शेजाऱ्यांचे गट ऑनलाईन उघडून बघितले तर आजही तेच दिसतं, ओढ्याच्या या बाजूला सलग गट आणि सगळ्यांचं क्षेत्र एकसारखं. वाटणीत किंवा खरेदीत इतकी सारखी तुकडेवारी क्वचितच येते. बांधावर उभं राहून नकाशा बघितला असता तरी कुणाच्याही डोक्यात घंटा वाजली असती.

एजंटाला फोन केला तर तो घाबरला नाही. "अहो दादा, वर्ग-2 हाय तर काय झालं, चाळीस पट भरायचं अन् मोकळं व्हायचं." पुरावा म्हणून त्याने दुसऱ्याच कुणाच्या गटाचं चलन व्हॉट्सॲपवर पाठवलं. इथे खरी मेख आहे आणि मराठवाड्यात ती नेहमी वापरली जाते, म्हणून थोडं थांबून सांगतो.

चाळीस पट हा नियम खोटा नाही. निजामाच्या मुलुखातल्या संरक्षित कुळांना त्या हैदराबाद कुळकायद्याच्या 38-ई खाली ज्या जमिनी मिळाल्या, किंवा कुळ म्हणून कायद्याने विकत घेता आल्या, त्यांच्यावर त्याच कायद्याच्या कलम 50-ब ची बंदी असते. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून ती परवानगीशिवाय विकता येते. घेणारा शेतकरी असला पाहिजे, कमाल मर्यादेत बसला पाहिजे, तुकडेबंदी मोडता कामा नये. रक्कम अगदी किरकोळ असते. आमच्या गटाचा आकार 3 रुपये 60 पैसे, चाळीस पट म्हणजे 144 रुपये. एवढ्यात काम होत असेल तर कोण नाही म्हणेल! पण हा नियम कुळाच्या जमिनीचा आहे. सिलिंगमधून वाटलेल्या जमिनीला तो लागत नाही. तिथे कलम 29, तिथे जिल्हाधिकारी, आणि तेही व्यवहाराच्या आधी. दोन्ही जमिनींवर "वर्ग-2" हाच शब्द छापलेला असतो. एजंट एकाचं चलन दाखवून दुसरीचं गिऱ्हाईक बांधतो.

त्यामुळे वर्ग-2 दिसलं की "किती पट?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं की ही वर्ग-2 कशामुळे झाली: कुळ, सिलिंग, सरकारी पट्टा, की इनाम. सातबारा त्याचं उत्तर पुरतं देत नाही. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गाव नमुना 1-क असतो, त्यात अशा जमिनी प्रकारवार नोंदलेल्या असतात. त्यात गट नंबर शोधायचा. जोडीला सध्याच्या मालकापासून मागे मागे जात सगळे फेरफार काढायचे, आणि पहिल्या फेरफारापाशी थांबायचं नाही. खासरा पाहणी पत्रक 1954-55 मध्ये कुणाचं नाव आहे ते बघायचं. तिथलं नाव एक, आजचं नाव दुसरं, आणि मध्ये खरेदीखत नाही, तर दोघांमध्ये सरकार किंवा कुळकायदा उभा आहे असं धरा. स्कॅन केलेले जुने कागद बऱ्याच तालुक्यांचे aapleabhilekh.mahabhumi.gov.in वर मिळतात. नसतील तर तहसीलला नकलेचा अर्ज करा. वकिलाला सांगताना "सर्च काढा" एवढंच म्हणू नका, "महसूल अभिलेखही मूळापर्यंत बघा" असं लेखी सांगा.

विकणाऱ्या म्हाताऱ्याबद्दलही लिहायला हवं. त्याला एजंटाने एकरी सहा लाखांची सौदाचिठ्ठी करून दिली होती, वरचे तीन त्याने स्वतः ठेवले. रजिस्ट्रीला सगळी रक्कम त्याच्याच खात्यात दाखवली आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतली. त्या माणसाची जमीन जायची पाळी आलीय आणि हातातले पैसे लग्नात गेलेत. त्याच्यावर मी चिडू तरी किती. वडिलांना जमीन कशी मिळाली हे त्याला ठाऊक होतं. विकायला परवानगी लागते हे ठाऊक होतं का, यावर तो "एजंट म्हनला लागत न्हाई" एवढंच सांगतो.

पोलिसांनी आधी "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवलं. इसारपावती, नऊ लाख आणि सहा लाख अशा दोन दरांची कागदं, बँकेचा उतारा आणि ते व्हॉट्सॲपवरचं चलन जोडून लेखी अर्ज दिला तेव्हा एजंटावर फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. पैसे परत मिळण्याचा दावा दिवाणी न्यायालयात वेगळा चालू आहे. शर्तभंगाच्या नोटिशीला म्हातारा आणि आम्ही दोघांनी एकाच वकिलामार्फत उत्तर दिलंय. आमचा व्यवहार रद्द करून जमीन त्याच्याच नावे राहू द्यावी, अशी विनंती त्यात आहे. निकाल लागायचाय. तोवर त्या गटात कुणीच पेरलेलं नाही.

एजंट जामिनावर आहे, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाचा, त्याच सातातला एक गट दाखवतोय असं परवा कळलं. क्षेत्र 1 हेक्टर 20 आर.