फोनवर नेट सुरू, लॅपटॉपवर बंद: काही महिने हॉटस्पॉटवर काम केल्यानंतर

मी नाशिकमध्ये जीएसटी आणि हिशेबाची कामं करते. घरी गंगापूर रोडला फायबर आहे, पण निम्मं काम बाहेर असतं: अंबड आणि सातपूरचे छोटे कारखाने, शिवाय पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष आणि टोमॅटोचे व्यापारी. तिथे कोणाचा वायफाय मागत बसण्यापेक्षा फोनचा हॉटस्पॉट बरा, म्हणून गेले काही महिने माझा लॅपटॉप बहुतेक वेळ त्यावरच चालतो. आधीच सांगते, ही सोय मला पटली आहे आणि मी ती बदलणार नाही. पण एका बिघाडाने फार वेळ खाल्ला. त्यावर मिळणारे सल्ले बहुतेक 'फोन रीस्टार्ट करा' एवढ्यावरच थांबतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला आणि लगेच हे सुरू झालं. फोनवर सगळं उत्तम. व्हॉट्सॲप, व्हिडिओ, बँकेचं ॲप, कशालाही अडचण नाही. हॉटस्पॉट लावला की लॅपटॉप पासवर्ड घेऊन झटकन जोडला जायचा, वायफायचे दांडे पूर्ण दिसायचे आणि खाली ओळ यायची: `No internet, secured`. जीएसटी पोर्टलचा ओटीपी फोनवर येतोय आणि ज्या लॅपटॉपवर तो टाकायचा तिथे पोर्टलच उघडत नाही, अशी अवस्था.

फोनवर नेट चालतंय म्हणजे हॉटस्पॉटवरही चालायला हवं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. हॉटस्पॉट चालू केला की फोन छोटा राउटर होतो. लॅपटॉपला तो स्वतःकडचा एक खासगी पत्ता देतो आणि लॅपटॉपची मागणी आपल्या नावाने पुढे कंपनीच्या नेटवर्ककडे पाठवतो. काही फोनमध्ये फोनचा स्वतःचा डेटा आणि हॉटस्पॉटचा डेटा हे वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. पहिली वाट मोकळी आणि दुसरी बंद, असं सहज होऊ शकतं. म्हणून बिघाड लॅपटॉप ते फोन या टप्प्यात आहे की फोन ते कंपनी या टप्प्यात, हे आधी ठरवायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं पुरतं:

```
ipconfig
ping 192.168.43.1
ping 8.8.8.8
nslookup google.com
```

दुसऱ्या ओळीतला पत्ता माझा घेऊ नका. `ipconfig`ने `Default Gateway`समोर जो आकडा दाखवला असेल तो टाका. जुन्या अँड्रॉइडवर तो बहुधा 192.168.43.1 असतो, नव्यांवर 192.168 पुढे काहीही असू शकतं, आयफोनवर 172.20.10.1 असतो. तुमच्या लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता 169.254ने सुरू होत असेल, तर फोनने त्याला पत्ताच दिलेला नाही. मग हॉटस्पॉट बंद-चालू करणं, लॅपटॉपमधून ते नेटवर्क `Forget` करून पुन्हा जोडणं, हॉटस्पॉटचा बँड 2.4 गिगाहर्ट्झवर आणणं हे उपाय लागू पडतात. पत्ता नीट आहे, फोन उत्तर देतोय, पण 8.8.8.8 या गुगलच्या सर्व्हरकडून `Request timed out` येतंय, तर वायफायला दोष देऊ नका. अडचण फोनच्या पुढे आहे.

माझं नेमकं हेच होतं. खात्रीसाठी वायफाय बाजूला ठेवून यूएसबी केबलने जोडलं आणि `USB tethering` चालू केलं. तरी तेच. ही चाचणी मी सगळ्यांना सांगते, कारण दोन मिनिटांत अर्धा शोध संपतो. केबलवर नेट आलं तर वायफायचा दोष, नाही आलं तर फोनची सेटिंग किंवा सिम.

आता फोन की सिम? माझं सिम ह्यांच्या फोनमध्ये घातलं, हॉटस्पॉट लावला, लॅपटॉपवर पोर्टल उघडलं. म्हणजे कंपनी अडवत नव्हती. मग माझ्याच फोनमधल्या दुसऱ्या नंबरच्या ई-सिमवर डेटा वळवला, तरीही हॉटस्पॉट चालला. म्हणजे फोनही धड होता. बिघाड फक्त या सिमची या फोनशी पडलेली गाठ होती, आणि अशा वेळी पाहायची जागा एकच: एपीएन.

एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटवर्कात कुठल्या दारातून शिरायचं ते फोनला सांगणारी नोंद. अँड्रॉइडमध्ये ती मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, त्या सिमखाली, `Access Point Names` या नावाने सापडते. मी दोन्ही सिमच्या नोंदी एकेक करून उघडल्या आणि खाली खाली जात `APN type` या ओळीपाशी थांबले. चालणाऱ्या सिमच्या नोंदीत `default,supl,dun` होतं. पोर्ट केलेल्या सिमच्या नोंदीत फक्त `default,supl`. हे `dun` हॉटस्पॉटच्या वाटेचं नाव. `default` फोनच्या नेहमीच्या डेटासाठी, `supl` जीपीएसला नेटवर्ककडून मिळणाऱ्या मदतीसाठी.

बहुतेक भारतीय फोन हॉटस्पॉटसाठीही `default`च वापरतात, म्हणून ह्यांच्या फोनला काही फरक पडला नाही. माझा फोन दादाने अमेरिकेहून आणलेला, तिथल्या एका मोबाइल कंपनीसाठी बनवलेला. तिकडे काही कंपन्या हॉटस्पॉटचे पैसे वेगळे घेतात, त्यामुळे असे फोन हॉटस्पॉटसाठी `dun` लिहिलेली नोंद शोधतात. ती सापडली नाही की लॅपटॉपला जोडून घेतात, पण पुढे वाट देत नाहीत. बाहेरून आणलेला फोन वापरणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

दुरुस्ती अशी केली. जुनी नोंद करड्या रंगाची होती, म्हणजे बदलता येत नव्हती. म्हणून वरच्या अधिकच्या चिन्हावरून नवी नोंद केली. नाव आणि एपीएन जुन्या नोंदीतून अक्षर न् अक्षर उतरवलं, `APN type`मध्ये `default,supl,dun` लिहिलं. मध्ये जागा सोडायची नाही, फक्त स्वल्पविराम. `APN protocol`मध्ये `IPv4/IPv6` ठेवलं. मग तीन ठिपक्यांतून `Save`, कारण नुसतं मागे आलं तर काही फोनवर नोंद राहत नाही. नवी नोंद निवडली, विमान मोड लावून काढला, हॉटस्पॉट पुन्हा सुरू केला. 8.8.8.8 कडून लगेच उत्तरं यायला लागली. तेव्हापासून हा त्रास पुन्हा झालेला नाही. फक्त सॉफ्टवेअर अपडेटनंतर निवडलेली नोंद बदलली नाही ना, ते मी बघून घेते.

हे करण्याआधी मी कस्टमर केअरला एकच प्रश्न विचारला होता: "माझ्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला परवानगी आहे का?" तिकडची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, पण डेटा तुमच्या रोजच्या कोट्यातूनच जाईल." हा प्रश्न आधी विचाराच. काही प्लॅनच्या अटींत हॉटस्पॉट नसतो किंवा त्याला वेगळी मर्यादा असते, आणि लॅपटॉपचा डेटा कोणता हे कंपनीला ओळखता येतं. प्रत्येक डेटा पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. अँड्रॉइडचा साधारण 64 पासून सुरू होतो, विंडोजचा 128 पासून, आणि फोनमधून जाताना एक कमी होतो. 64 च्या जागी 127 आला की मागे लॅपटॉप आहे हे उघड. हा आकडा बदलण्याच्या युक्त्या फिरत असतात. माझं मत स्पष्ट आहे: अटींतच हॉटस्पॉट नसेल तर प्लॅन बदला, कामाच्या नंबरवर असले खेळ नकोत. अशी बंदी ओळखायची खूण म्हणजे तेच सिम कुठल्याही फोनमध्ये घातलं तरी हॉटस्पॉटवर नेट मिळत नाही.

दुसरा त्रास जास्त फसवा, कारण दिसायला अगदी असाच. रोजचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, वेग उतरतो, बऱ्याच प्लॅनमध्ये 64 केबीपीएसवर. म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 किलोबाइट. व्हॉट्सॲपचा मजकूर तेवढ्यात जातो, म्हणून फोन चालू वाटतो. 2 एमबीचं पान मात्र चार मिनिटांहून जास्त घेतं आणि तोवर ब्राउझर किंवा पोर्टल कंटाळून सोडून देतं. इथे `ping`ला उत्तर येतं, पण एरवी पन्नास-साठ मिलिसेकंदांत येणारं उत्तर शेकडोंवर जातं. असं दिसलं की एपीएनला हात न लावता कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा बघा.

कोटा खातं कोण? माझ्याकडे विंडोज अपडेट आणि वनड्राइव्ह. पिंपळगावला एका व्यापाऱ्याच्या गाळ्यात बसले असताना दुपारीच 2 जीबी संपले होते आणि त्यातलं कामाचं अगदी थोडं होतं. त्या वायफायच्या `Properties`मध्ये जाऊन `Metered connection` चालू केल्यावर मोठी अपडेट थांबली आणि वनड्राइव्हही गप्प झालं. यूएसबीने जोडत असाल तर ते वेगळं नेटवर्क धरलं जातं, तिथेही ही सेटिंग वेगळी लावावी लागते.

चौथ्या कमांडचा उपयोग अंबडला झाला. तिथल्या अकाउंटंटचा लॅपटॉप माझ्या हॉटस्पॉटला जोडला, 8.8.8.8 उत्तर देत होतं, पण एकही साइट उघडेना. `nslookup` अडकलं. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर म्हणजे डीएनएस, आणि कारखान्याच्या आयटीवाल्याने त्या जागी कारखान्याच्या राउटरचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता, आणि माझ्या फोनमागे तो राउटर कुठून असणार? `DNS server assignment` `Automatic (DHCP)` केलं आणि काम झालं. कारखान्याच्या नेटवर्कला तो पत्ता लागत असेल म्हणून आधी लिहून घेतला.

एक अडचण मात्र अजून आहे. डेटा एका सिमवर असताना दुसऱ्या नंबरवर कॉल आला की माझ्या फोनवर डेटा थांबतो आणि लॅपटॉपचं नेटही जातं. काही फोनमध्ये कॉलच्या काळापुरता डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवायची सोय असते, पण मग त्या सिमवरही डेटा शिल्लक हवा. जीएसटीआर-1 ची 11 तारीख आणि 3बी ची 20 तारीख जवळ आली की मी रिटर्न भरताना दुसरा नंबर थेट बंदच ठेवते आणि क्लायंटना आधी कळवते की अर्धा तास डेटावाल्या नंबरवरच फोन करा.