गजर 25 मिनिटांचा की कामाच्या मापाचा?

फ्रान्सेस्को चिरिल्लो यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती हे गजर लावून काम करण्याच्या पोमोडोरो पद्धतीचं माप ठरवलं. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी बिलांच्या नोंदीही करते आणि जॅकार्डच्या नक्षीचा ग्राफही काढते.

नोंदींना 25 मिनिटं चपखल बसतात. प्रत्येक बिल सुटं असतं. गजर झाला की हातातलं संपवून उठायचं. लिहिताना 540 चे 450 व्हायला लागले, तर मी 20 मिनिटांवरच थांबते.

नक्षीचं तसं नाही. मोराचा पिसारा ग्राफच्या कुठल्या घरापर्यंत आला, कुठला धागा उचलायचा, हे डोक्यात बसायलाच पंधरा मिनिटं जातात. ऐन लयीत गजर झाला की मोजणी तुटते. म्हणून इथे 50 मिनिटं आणि 10 ची विश्रांती. गजर झाला तरी चालू ओळ पुरी करते, पुढच्या घराचा आकडा कागदावर लिहिते, मगच उठते. विश्रांती मात्र टाळत नाही. एकदा सलग दोन तास बसले आणि मोराची उजवी बाजू एका घराने सरकली. ते कळलं थेट विणलेल्या नमुन्यावर.

काम सुरू करायचंच जिवावर आलं असेल, तर त्या दिवशी ठरलेला 25 चा गजरच बरा.