क्रॉप कव्हर, दोन थर्मामीटर आणि एक टेम्परेचर गन : एका थंडीनंतरचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरात तीन वस्तू घेतल्या. १७ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं, पिकावर पांघरायचं पांढरं नॉनवोव्हन क्रॉप कव्हर (सव्वापाच फुटी रोल), दोन कमाल-किमान थर्मामीटर, आणि गॅरेजवाले इंजिनाची उष्णता बघायला वापरतात तसली टेम्परेचर गन. आमची १० गुंठे स्ट्रॉबेरी महाबळेश्वरात, वेण्णा तलावाच्या खालच्या अंगाला, उताराच्या तळाशी आहे. विंटर डॉन जातीची जास्त, थोडी नाबिला. मार्चअखेरपर्यंत सगळं वापरून झालं, आता निवांत लिहितोय.

घ्यायची वेळ का आली ते आधी. त्याच्या आदल्या जानेवारीत एका सकाळी खालच्या सहा वाफ्यांतली फुलं बाहेरून पांढरीशुभ्र, टवटवीत दिसत होती. दुपारी वाकून पाहिलं तर प्रत्येक फुलाचा मधला पिवळा डोळा काळा पडलेला. पाकळ्या शाबूत, फळ मात्र धरणार नाही. हिमाने मारलेल्या स्ट्रॉबेरीची हीच खूण. चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की त्या रात्री पडवीतल्या थर्मामीटरने ८ च्या खाली पाय ठेवला नव्हता. दरवर्षी हाच वाद होतो : पेपरात लिंगमळ्याच्या गाडीच्या टपावरचे हिमकण छापून येतात, आणि त्याच दिवशी गावाचं किमान तापमान दहा-बाराच्या आसपास नोंदलेलं असतं. मग कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. थर्मामीटर हवा मोजतो, तीही माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरची आणि छपराखालची. फूल मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर, उघड्या आभाळाखाली असतं. म्हणून माझा पहिला थर्मामीटर पडवीतच ठेवला आणि दुसरा वाफ्यात, झाडाच्या उंचीला, आडोसा न देता कामटीला बांधला. पहिल्याच स्वच्छ रात्री दोघांत ५ अंशांचा फरक निघाला. ढगाळ रात्री तो अर्ध्या अंशावर यायचा.

हे का होतं, ते गनने दाखवलं. पैसे त्या एका वस्तूनेच वसूल केले. प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात. गन तेच किरण मोजते. एका संध्याकाळी सातला ती सरळ डोक्यावर धरली. आभाळ निवळलेलं, चांदण्या टिपूर. आकडा आला उणे ३१. बॅटरी गेली की काय म्हणून जमिनीकडे धरली, तर १५. चार दिवसांनी ढग आले, त्या रात्री आभाळाचा आकडा अधिक ४. (हे आभाळाचं खरं तापमान नाही. ही गन ज्या पट्ट्यात बघते त्यात कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे ती थेट वरच्या गारठ्यात डोकावते. पण आजची रात्र कालच्यापेक्षा उघडी की झाकलेली, एवढं कळायला पुरतं.)

हिशेब असा. १० अंशांवरची जमीन दर चौरस मीटरला साधारण ३६५ वॅट उष्णता वर फेकते. आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी असेल तर वरून २७०-२८० वॅटच परत येतात. खालच्या उंचीचा दाट ढग असेल तर जवळजवळ सगळे परत येतात, कारण ढगातले थेंब स्वतः तेच किरण खाली फेकतात. म्हणजे स्वच्छ रात्री चौरस मीटरमागे ९० वॅटच्या आसपास निव्वळ गळती. एका गुंठ्याला ९ किलोवॅट झाले. नऊ मोठे हीटर रात्रभर उलटे चालवून उष्णता ओढून घेतल्यासारखं! बारा तासांत शंभराहून जास्त युनिट.

वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते, म्हणून वाऱ्याच्या रात्री आम्ही निर्धास्त झोपतो. वारा पडला की पान आणि माती थंड होतात, त्यांना टेकलेली हवा थंड आणि जड होते आणि उताराने घरंगळत तळाला साचते. मरतात ते खालचे वाफे, वरचे नाहीत. कुंपणाच्या खालच्या अंगाला मी हौसेने शेडनेट बांधली होती. त्याने वारा अडेल ही कल्पना. प्रत्यक्षात ओढ्याकडे निसटणारी थंड हवा माझ्याच शेतात तुंबत होती. डिसेंबरात ती गुडघ्याएवढी वर गुंडाळली आणि खालच्या वाफ्यातलं किमान तापमान त्याच्यासारख्याच रात्री सुमारे एका अंशाने वर राहिलं. फुकटातला एवढा फायदा दुसरा कुठला नाही झाला.

आता कव्हरबद्दल. दुकानदाराने सांगितलं होतं, "झाडाला गोधडी घातल्यासारखं आहे." गोधडी उबदार असते कारण आत अंग गरम असतं. झाडाला स्वतःची ऊब नाही, ती येते मातीतून. कव्हर हे पान आणि आभाळ यांच्यामधलं छप्पर आहे, एवढं डोक्यात बसल्यावर वापरायची पद्धतच बदलली.

पहिले दोन आठवडे मी रात्री जेवण झाल्यावर, गारठा जाणवला की कव्हर ओढायचो. फरक अर्ध्या अंशाचा. तोपर्यंत मातीने दिवसाची कमाई आभाळाला देऊन टाकलेली असायची. मग साडेचार-पाचला, उन्हं वाफ्यावर असतानाच झाकायला लागलो. फरक दीड अंशावर गेला.

त्याच्या पुढची गोष्ट अपघाताने कळली. गनच्या तोंडापुढे कव्हरचा कोरडा तुकडा धरून आभाळ मोजलं तर उणे १४ आलं. म्हणजे आभाळाचा गारठा कापडातून बराचसा आरपार येतोय. तोच तुकडा ओला करून धरला, तर अधिक ६. पाणी हे किरण अडवतं. तसाच जुन्या पॉलिथिनचा तुकडा धरला : कोरडा असताना जवळपास काहीच अडवत नाही, ओला असताना अडवतो. ज्यांनी नुसतं पातळ पारदर्शक प्लास्टिक टाकून "आतलंच जास्त जळलं" म्हणून कपाळाला हात लावला, त्यांचं उत्तर यात आहे.

त्यामुळे थंडीच्या अंदाजाच्या दिवशी दुपारी बारा-एकला तासभर ड्रिप सोडायला लागलो. ओली माती ऊन जास्त खोलवर साठवते आणि रात्री खालची ऊब वर आणून देते. शिवाय वाफ्याच्या कडेची आणि सरीतली ओल वर येऊन कव्हरच्या आतल्या बाजूला दहिवर धरतं, आणि छप्पर खऱ्या अर्थाने तयार होतं. सरीत मुद्दाम थोडं पाणी शिंपडायचो, कारण वाफ्यावर मल्चिंग असल्याने तिथून वाफ कमीच निघते.

जानेवारीतली एक रात्र नोंदवहीतून देतो. दुपारी ड्रिप एक तास. चार वाजता हवा कोरडी, वारा नाही, सूर्याकडे पाठ करून आभाळ मोजलं तर उणे २६. झाकायचं ठरलं. पाचला दोघांनी पाऊण तासात सगळे वाफे झाकले, दोन वाफे मुद्दाम उघडे ठेवले. तेव्हा माती १९ अंश. पहाटे सव्वासहाला पडवीत ७.५. वाफ्यातला थर्मामीटर १.८. उघड्या पानावर गन जवळ धरली : उणे ०.९, आणि कडेला पांढरी कुसळं. कव्हरखालच्या पानावर : १.६. उघड्या दोन्ही वाफ्यांतल्या बहुतेक उमललेल्या फुलांचे डोळे दुपारपर्यंत काळे झाले. मिटलेल्या कळ्या वाचल्या, त्या बऱ्याच जास्त थंडी सोसतात. उमललेलं फूल उणे एकच्या आसपास हात टेकतं. म्हणजे सगळा खेळ अडीच अंशांचा. उणे ४ च्या रात्री हे १७ जीएसएम मला वाचवेल असं मी म्हणणार नाही.

झाकलेल्यातही काही फुलं गेलीच : जिथे कव्हर पानांना टेकलं होतं तिथली. कापड स्वतः आभाळाकडे बघत असल्याने तेच सगळ्यात गार होतं, आणि टेकलेल्या पानाची ऊब ओढून घेतं. कामट्यांची कमान कळसाला फूटभर उंच हवी. मी कामट्या सहा फुटांवर लावल्या होत्या, मधे झोळ पडला. आता चार फुटांवर.

शेजारचे आबा मात्र शेकोटीवरच ठाम. "आमच्या वडलांपास्नं धूर करतोय, आम्हाला नको शिकवू," म्हणाले. एका रात्री त्यांच्या धुरातून गन आभाळाकडे धरून दाखवली. आकडा दोन-तीन अंशच हलला. धुराचे कण या लांब किरणांच्या मानाने फारच बारीक, किरण त्यांच्यामधून निघून जातात. आगीची ऊब म्हणाल तर किलोभर वाळलेल्या लाकडात साधारण ४ युनिट. गुंठ्याची गळती भरून काढायला एक कणही वाया न घालवता २५-२७ किलो लाकूड, आणि मोठ्या जाळाची ऊब तर सरळ वर निघून जाते. त्यात सकाळी धूर रेंगाळला की ऊनही उशिरा लागतं. आबा आकडा बघून म्हणाले, "तुझी मशीन बिघडलीय." विषय तिथेच संपला.

गनबद्दल दोन सूचना. कोरोनात कपाळाला लावायची ती गन चालत नाही, तिला बारा अंश दाखवताच येत नाहीत; उणे ५० पासून मोजणारी घ्या. आणि घरातून आणल्या आणल्या मोजू नका. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून गार होऊ द्या, नाहीतर दोन-तीन अंश चुकते. मी आधीचा आठवडाभर चुकीचेच आकडे लिहिले.

कव्हरच्या तक्रारी : कामटीच्या पेऱ्यांवर ते फाटतं. पेरे तासून घ्या, मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. सकाळी नऊच्या आत उघडायलाच हवं. तीन दिवस गावाला गेलो तेव्हा गड्याने उघडलं नाही, आत ओल कोंडून फळांवर राखाडी बुरशी आली, आणि मधमाशी आत न गेल्याने त्या आठवड्याची फळं पुढे वेडीवाकडी निघाली. रोज घालणं-काढणं हा माणसाचा खर्च कापडाच्या किमतीपेक्षा जड आहे. म्हणूनच चारच्या सुमारास आभाळ मोजून ठरवायची सवय लावली. अख्ख्या हंगामात २३ रात्रीच झाकलं, बाकी रात्री ढगांनी नाहीतर वाऱ्याने काम केलं.

कापड पुढच्या हंगामाला पुरेल असं वाटतं, उन्हाने थोडं ठिसूळ झालंय. वरच्या वाफ्यांना आता घालणारच नाही. खालच्या सहांसाठी ३० जीएसएमचा एक रोल घेऊन बघणार आहे. ते जाड आहे, उजेड कमी सोडतं, पण रात्रीपुरतंच वापरायचं असल्यावर काय फरक पडतो.